विषय: ३६ फुटी सेलबोटची खरेदीपूर्व तपासणी

नमस्कार सर,

फोनवर बोलल्याप्रमाणे बोटीबद्दल लिहितो आहे. २००४ ची फायबरग्लास स्लूप, डेकमध्ये बाल्सा कोअर. सौदा तुमच्या अहवालावर अवलंबून आहे, तसं करारातही लिहिलंय.

बोट पाण्याबाहेर काढूनच तपासणी व्हावी. हलवर ऑस्मोसिसचे फोड आहेत का, कीलच्या सांध्यात फट किंवा गंजाचे ओघळ दिसतात का, रडर किती खुळखुळतं, हे बघा. सीकॉक प्रत्येक उघडून-बंद करून पाहावा. नुसतं 'ठीक दिसतो' नको.

माझी खरी काळजी डेकची आहे. मास्टच्या डाव्या बाजूच्या चेनप्लेटजवळ पाय दिला की किंचित दबतं, आणि खाली केबिनच्या लाकडावर तपकिरी डाग आहे. मालक म्हणतात, जुना आहे. तिथे हातोडीने ठोकून आणि मॉइश्चर मीटर लावून ओल नेमकी कुठवर गेलीय ते आखून दाखवा. मीटरचे आकडे एकट्याने फसवतात, म्हणून दोन्ही हवं.

स्टँडिंग रिगिंग कधी बदललं याची नोंद नाही. मास्टवर चढणं तुमच्या कामात धरलेलं नसेल तर आधी कळवा, रिगर वेगळा बघतो. इंजिन थंड असतानाच सुरू करायचं. मालकांना आधी गरम करू नका असं सांगितलंय. नंतर सी ट्रायल, ऑइलचा नमुना. गॅस आणि वायरिंगही बघाच. सीट-पडद्यांवर वेळ घालवू नका.

अहवाल माझ्या नावे, फोटोंसह हवा. सुरक्षेचे दोष वेगळे काढा आणि विम्यासाठी बाजारमूल्य द्या. फी आणि तारीख कळवाल का?

आपला,
समीर