नेट गेलं की आधी हे पान बघा

आई, बाबा,

हा कागद मुद्दाम कॅलेंडराएवढा छापून घेतलाय. आईला चष्मा शोधावा लागू नये म्हणून अक्षरं मोठी ठेवलीत. हॉलमध्ये कॅलेंडरच्या शेजारच्या खिळ्याला लावा, कपाटात ठेवू नका. कपाटातला कागद लागेल त्या दिवशी कधी सापडत नाही.

एकच नियम पाळा: आधी बघायचं, मग हात लावायचा. आणि मला फोन केलात की "नेट गेलंय बघ, काही येईना झालंय" एवढ्यावर थांबू नका. डब्यावर कुठला दिवा कसा आहे ते सांगा. त्यावरून निम्मं काम पुण्यात बसून होतं.

खरंच नेट गेलंय का?

इन्व्हर्टरमुळे आपल्याकडे पंखा फिरतच राहतो आणि वीज गेल्याचं कळत नाही. म्हणून आधी गोठ्यातला बल्ब लावून बघा, तो इन्व्हर्टरवर नाही. लागला नाही तर वीज गेलीय. नेटवाल्याच्या यंत्रांनाही वीज लागते. त्यांची बॅटरी संपली की आपला डबा चालू असूनही नेट येत नाही. अशा वेळी हेस्कॉमची वीज येईपर्यंत थांबायचं. आल्यावरही दहा मिनिटं द्या. वीज फारच वेळ नसेल तर 1912 ला तक्रार करा. तो नंबर विजेचा आहे, नेटचा नव्हे.

पावसात मालिका अडकायला लागली तर ती डिश आहे. छतावरची थाळी आणि नेट यांचा काही संबंध नाही. ढग गेले की चित्र परत येतं. पण टीव्हीवर यूट्यूब लागत नसेल तर ते नेटचं काम.

एकाच्याच फोनवर अडलं असेल तर दुसऱ्याच्या फोनवर बघा. आईच्या फोनवर व्हॉट्सॲप चालतंय आणि बाबांच्या नाही, म्हणजे नेट ठीक आहे, बाबांच्या फोनमध्ये काहीतरी आहे. वरून बोट खाली ओढा. विमानाचं चित्र निळं झालेलं असेल तर त्यावर एकदा टेकवा. वायफायचं चित्र विझलेलं असेल तर तेही टेकवून पेटवा. एवढ्यानं झालं नाही तर फोन बंद करून चालू करा.

आपल्या वायफायची दोन नावं दिसतात, Aai_Baba आणि Aai_Baba_5G. दुसऱ्यातला 5G मोबाइलवाला नव्हे, नुसतं नाव आहे. ते हॉलमध्ये वेगात चालतं, पण मातीच्या भिंतीपलीकडे, म्हणजे स्वयंपाकघरात, जीव सोडतं. आईनं कायम पहिलंच धरावं.

डब्यावरचे दिवे

टीव्हीच्या वर भिंतीला लावलेला पांढरा डबा. जवळ जाऊन बघा, लांबून सगळे हिरवेच वाटतात. चार दिवे महत्त्वाचे, त्यांच्याखाली नावं लिहिलीत.

POWER विझलाय: डब्याला वीज मिळत नाही. बटण दाबलं गेलंय का, अडाप्टर सैल झालाय का बघा. केर काढताना तो हमखास हलतो. त्याच प्लगात मोबाइलचा चार्जर लावून बघा. चार्जर चालला आणि डबा नाही, तर अडाप्टर गेला. डब्यावर 12 व्होल्ट लिहिलंय. घरातला दुसरा कुठला तरी अडाप्टर त्यात खुपसू नका, तोंड बसलं तरी व्होल्ट वेगळे असतात.

LOS लाल लुकलुकतोय: बाहेरून येणारा उजेडच तुटलाय. आपल्याकडची तार तांब्याची नाही, काचेच्या केसासारखी आहे आणि तिच्यातून उजेड येतो. कुठे झाड पडलं, कुठे जेसीबीनं रस्ता खणला, की हा दिवा लाल होतो. यावर घरात बसून इलाज नाही. डबा दहा वेळा बंद-चालू केला तरी काही होणार नाही. तार बघा (खाली लिहिलंय) आणि सरळ तक्रार करा.

PON हिरवा, पण लुकलुकतोय: डबा जोडणीच्या खटपटीत आहे. पाच मिनिटं द्या. नाहीच थांबला तर एकदा बंद-चालू करा.

PON स्थिर हिरवा, LOS विझलेला, पण INTERNET पेटत नाही: तार ठीक आहे, अडचण नेटवाल्याच्या बाजूला किंवा पैसे संपलेत. पैसे मी दर महिन्याच्या 5 तारखेला भरते. तरीही असं झालं तर आधी मला फोन करा. एकदा माझ्याकडूनच राहिलं होतं आणि बाबा दोन दिवस नेटवाल्याला बोलत बसले होते.

बंद-चालू कसं करायचं

भिंतीवरचं बटण बंद. चुलीवर चहाचं आधण ठेवा, ते उकळेपर्यंत बंदच राहू दे. मग चालू करा आणि चहा पिऊन होईपर्यंत डब्याकडे बघूसुद्धा नका. त्याला जागं व्हायला तीन-चार मिनिटं लागतात. बाबा दर अर्ध्या मिनिटाला बटण दाबतात, त्यानं तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. एका खेपेला एकदाच बंद-चालू करायचं. दुसऱ्या खेपेला आलं नाही तर तिसरी खेप नको.

मागच्या बारीक भोकात काही घालायचं नाही

डब्याच्या मागे टाचणी जाईल एवढं भोक आहे. त्याच्या आतलं बटण दाबून धरलं की डब्यातलं सगळं पुसलं जातं. नेटवाल्यानं टाकलेलं नाव, पासवर्ड, वायफायचं नाव, सगळं. गेल्या दिवाळीत बाबांनी आईची शिवणाची सुई घातली. सांगून काय उपयोग, तीन दिवस माणूस यायला लागले आणि नातवंडांचं औक्षण व्हिडिओवर बघायचं राहिलं. आता त्या भोकावर मी लाल चिकटपट्टी लावलीय. ती निघाली असली तर परत लावा.

तार

पिवळी बारीक तार डब्यातून निघते, माळ्यावरून जाते आणि कौलाखालून बाहेर पडते. ती काच आहे. घडी घातली, खिळ्याला गुंडाळली, तिच्यावर धान्याचं पोतं ठेवलं, तर उजेड अडतो. बांगडीएवढी गोल वळली तर चालेल, कोपऱ्यासारखी मोडली तर नाही. माळ्यावर उंदरांनी कुरतडलेली दिसली तर ते मला सांगा. बाबांनी शिडीवर चढून बघायचं नाही. शेजारच्या काकूंच्या मुलाला हाक मारा, त्याला मी सांगून ठेवलंय.

तारेचं हिरवं टोक डब्यातून ओढून काढू नका. कधी निसटलेलं दिसलं तर तोंडाकडून डोळा लावून आत बघू नका. तिथला उजेड दिसत नाही, पण डोळ्याला बरा नव्हे.

बाहेर तार तुटून अंगणात लोंबत असेल तर हात लावू नका, काठीनंही बाजूला करू नका. ती वरच्या विजेच्या तारेला टेकलेली असू शकते. जनावरं त्या बाजूला सोडू नका.

वळीव सुरू झाला, लखलखायला लागलं, की डब्याचा प्लग काढून ठेवा. काचेतून करंट येत नाही, पण प्लगातून येतो. मिरगाच्या तोंडावर हे विसरायचं नाही.

मोबाइलचं नेट, आणि शिनोळीचा टॉवर

वायफाय गेलं तरी मोबाइलच्या नेटवर काम चालतं. वरून पट्टी ओढायची, वायफाय बंद, मोबाइल डेटा चालू. दोन अडचणी येतात.

पहिली आपल्या गावाचीच. आपण कर्नाटकातले, सिम कर्नाटकाचं, पण परसात गेलं की फोन कधीकधी शिनोळीकडचा महाराष्ट्राचा टॉवर धरतो. मग सिग्नलच्या दांड्यांजवळ छोटा R दिसतो. बोलणं होतं, नेट चालत नाही. सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्क उघडा, Data roaming चालू करा. दोघांच्याही प्लॅनमध्ये याचे जादा पैसे पडत नाहीत. गेल्या खेपेला मी चालू करून ठेवलंय, पण फोन बदलला तर परत करावं लागेल. सीमाप्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागेल, R तेवढा आपल्याला सोडवता येतो.

दुसरी म्हणजे रिचार्ज. दुकानदार महिना म्हणतो, पण तो बहुतेक 28 दिवसांचा असतो. म्हणून तारीख दर वेळी मागे सरकते. रिचार्ज केला की कॅलेंडरवर गोल करा.

घरात आवाज तुटायला लागला तर घाबरू नका. जाड भिंतीमुळे आत सिग्नल कमी आहे आणि फोन एरवी वायफायवरूनच बोलतो. नेट गेलं की तो आधार जातो. तुळशीजवळ येऊन फोन लावा. बाबांची साखर कमी झाली किंवा कुणी पडलं, तर नेटची वाट बघत बसू नका, 112 ला साधा फोन लागतो.

तक्रार कशी करायची

नेटवाल्याचा नंबर डब्याच्या खाली चिकटवलाय. आधी यंत्र कन्नडमध्ये बोलतं. घाईनं ठेवू नका, पूर्ण ऐका, पुढे माणूस येतो. बाबांचं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं आहे, त्यांनीच बोलावं. "नेट बरता इल्ल, केंपु लाइट बरता इदे" एवढं म्हटलं की पुढचं त्याला कळतं. मराठीतून बोललात तरी बिघडत नाही, पण दिव्याचं नाव LOS असंच सांगा, नुसतं "लाल दिवा" नको.

तीन गोष्टी हाताशी ठेवा: ग्राहक क्रमांक (डब्यावरच्या पांढऱ्या कागदावर), बंद कधी झालं ती वेळ, आणि शेजारी चालू आहे की नाही. शेवटचं काकूंना विचारून घ्या. त्यांचंही गेलं असेल तर दोघींनी वेगवेगळी तक्रार करा, एकावर कुणी लक्ष देत नाही.

माणूस दुरुस्तीला आला तर तो आपण बोलावलेलाच आहे ना, हे नेटवाल्याच्या नंबरवर फोन करून विचारा. तो पाणी पिऊन जाईल, पण रोख पैसे, ओटीपी किंवा फोन हातात द्यायचा नाही.

उलटा फोन आला, "तुमचं नेट आज बंद होणार, केवायसी करा, हे ॲप टाका," तर ठेवून द्या. खरा नेटवाला तुमच्या फोनचा पडदा बघायला मागत नाही. चुकून पैसे गेलेच तर लपवू नका. लगेच 1930 ला फोन करा, मग मला. उशीर जेवढा होईल तेवढे पैसे लांब जातात. मी रागावणार नाही, हे लिहूनच देते.

तक्रार नोंदली की नंबर सांगतात. तो कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहा, दुधाच्या हिशोबाच्या खाली. मागच्या वेळी तो वर्तमानपत्राच्या कडेला लिहिला होता आणि दुसऱ्या दिवशी आईनं त्यात मिरच्या बांधल्या.