आजचे भाव: मंगळवार, 18 नोव्हेंबर (पोर्टलवरून सकाळी 10.40 ला उतरवलेले)

अण्णा, आज ठरवायची गोष्ट एकच, तूरडाळ. लातूरच्या मिलचा भाव दुपारी 1 पर्यंतच धरलाय.

सगळे भाव क्विंटलला, कंसात कालच्यापेक्षा फरक:

तूरडाळ फटका, लातूर मिल: 10,600 (−150)
चणाडाळ, 30 किलो कट्टा: 7,550 (+30)
साखर एम-30, कारखाना: 3,880 (तोच)
साखर एस-30, कारखाना: 3,810 (−10)
शेंगदाणा: 9,700 (तोच)

तूरडाळीत भाडं 130 आणि हमाली-तोलाई 24 धरली, की दुकानपोच 10,754 पडते. पुण्याच्या व्यापाऱ्याची दुकानपोच 10,820 आहे, म्हणजे लातूर 66 ने स्वस्त. तरी 20 क्विंटलच्या वर नको. डिसेंबर-जानेवारीत नवी तूर येईल. तोवर पुरेल एवढीच घ्यावी.

चणाडाळीत पोर्टल फसवतंय. यादीत सगळ्यात वर 7,448 दिसतो, पण तो 25 किलोच्या छापील पॅकिंगचा, 1,862 रुपये कट्टा. 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पॅकिंगवर 5 टक्के जीएसटी लागतो, तो भावात धरलेला नाही. धरला की 7,820. आपण सुटी डाळ विकतो, त्यावर कर नाही, म्हणून भरलेल्या कराचं क्रेडिटही मिळत नाही. तो सगळा खर्चच. 30 किलोचा कट्टा 270 ने स्वस्त पडतो. साखरेचं तसं नाही: तिथे क्रेडिट मिळतं, म्हणून वरचे भाव कर सोडून लिहिलेत. साखर आज घ्यायची घाई नाही, हंगाम नुकताच सुरू झालाय.

सोयाबीन तेल: 15 किलोचा डबा 2,040, 15 लिटरचा 1,890. लिटरचा डबा दीडशेने स्वस्त वाटतो, पण त्यात तेल साधारण 13.65 किलोच भरतं. किलोला हिशेब केला तर 136 विरुद्ध 138.46. किलोचाच डबा घ्यावा. दोन्ही भावांत कर धरलेला आहे.

साबुदाणा वरच्या यादीत मुद्दाम घेतला नाही. सेलमचा भाव 5,400 दिसतोय, पण शेजारच्या रकान्यात तारीख 13 नोव्हेंबरची आहे. पाच दिवसांपूर्वीच्या भावावर ऑर्डर टाकली तर गाडी भरताना वाढीव बिल येतं. दलालाला फोन केलाय, तो 12 पर्यंत आजचा भाव सांगणार. गोदामात साडेचार क्विंटल शिल्लक आहे, मार्गशीर्षातले गुरुवार पुढच्या आठवड्यात सुरू होतात आणि सेलमहून माल यायला पाच-सहा दिवस लागतात. त्यामुळे साबुदाण्याची ऑर्डर फार तर उद्यापर्यंत गेली पाहिजे.

तूरडाळीचं हो-नाही साडेबारापर्यंत कळवा, म्हणजे 1 च्या आत बुकिंग टाकता येईल.