विषय: एम. ए. समाजशास्त्र – वर्ग सुरू होण्यापूर्वीच्या वाचनासाठी मार्गदर्शनाची विनंती

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

मी स्नेहल, घणसोली, नवी मुंबई येथे राहते. यंदा एम. ए. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आपल्या विभागात माझा प्रवेश निश्चित झाला आहे. माझी पदवी वाणिज्य शाखेची असून समाजशास्त्र हा विषय मी आजवर वर्गात कधीच शिकलेले नाही. वर्ग सुरू व्हायला अजून काही आठवडे आहेत, तेवढ्या काळात पाया थोडा तरी पक्का व्हावा अशी मनापासून इच्छा आहे. त्यासाठी कोणती पुस्तके वाचावीत आणि मुख्य म्हणजे कोणत्या क्रमाने वाचावीत, याविषयी आपण मार्गदर्शन करावे, ही नम्र विनंती.

आपल्याला उत्तर देणे सोपे जावे म्हणून आतापर्यंतचे वाचन थोडक्यात सांगते. डॉ. आंबेडकरांचा १९१६ सालचा भारतातील जातींविषयीचा निबंध आणि १९३६ सालचे ‘जातिनिर्मूलन’ मी वाचले आहे. जातीच्या बाहेर विवाह न करण्याची प्रथा हाच जातिव्यवस्थेचा कणा आहे, हे त्या निबंधातील प्रतिपादन वाचल्यावर लग्नाच्या जाहिरातींकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली, आणि खरे सांगायचे तर हा विषय घेण्याचा निर्णय तिथेच झाला. सध्या एमिल दुर्खीम यांचा आत्महत्येवरील १८९७ सालचा ग्रंथ इंग्रजी अनुवादातून वाचते आहे. अत्यंत खाजगी वाटणाऱ्या कृतीचे प्रमाण एखाद्या समाजात वर्षानुवर्षे जवळपास स्थिर राहते आणि ते माणसांच्या परस्परबंधांवरून समजावून घेता येते, ही मांडणी मला फार मोलाची वाटते. मात्र हिशेबाच्या शिक्षणामुळे एक प्रश्न सतत मनात येतो: मृत्यूच्या नोंदी करणाऱ्यांनी कोणता मृत्यू आत्महत्या म्हणून लिहिला आणि कोणता कुटुंबाच्या अब्रूखातर लिहिलाच नाही, हे ठरल्याशिवाय प्रोटेस्टंट आणि कॅथलिक प्रदेशांची तुलना कितपत भरवशाची मानावी? या प्रश्नावर पुढे अभ्यासकांनी बरीच चर्चा केलेली आहे, एवढे मला समजले आहे. त्यातले नवशिक्या विद्यार्थ्याने आधी काय वाचावे, हे आपण सुचवल्यास फार मदत होईल.

यातूनच माझी दुसरी अडचण येते. दुर्खीम, वेबर आणि मार्क्स यांचे मूळ लेखन आधी वाचावे, की एखाद्या चांगल्या परिचयात्मक पुस्तकातून त्यांच्या विचारांची रूपरेषा समजून घेऊन मग मुळाकडे वळावे? मूळ ग्रंथ वाचताना लेखक कोणाशी वाद घालतो आहे, हे मला पुष्कळदा कळत नाही. उलट केवळ सारांश वाचला तर विचार करण्याची पद्धत हाती न लागता निष्कर्षच पाठ होतील, अशी भीती वाटते.

भारतीय समाजशास्त्रात घुर्ये यांचे १९३२ सालचे जात आणि वंश यांवरील पुस्तक, इरावती कर्वे यांचे नातेसंबंधांवरील लेखन आणि एम. एन. श्रीनिवास यांचे ग्रामअभ्यास ही नावे मी टिपून ठेवली आहेत. यांपैकी सुरुवात कोठून करावी? महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ आणि ताराबाई शिंदे यांचे १८८२ सालचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ हेही या वाचनाचाच भाग मानून वाचावे असे मला वाटते, पण याबाबत आपले मत ऐकायला आवडेल.

पुढे संधी मिळाल्यास नवी मुंबईतील मूळ गावांवर काम करण्याची माझी इच्छा आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर उभे राहू लागले. आज आमच्या घणसोलीत एका बाजूला आखीव सेक्टर आहेत आणि दुसऱ्या बाजूला दाटीवाटीचे गावठाण. शेती आणि मिठागरे गेल्यावर आगरी कुटुंबांतील भावकी, वारसाहक्क आणि विशेषतः बहिणींचा जमिनीच्या मोबदल्यातील वाटा यांचे काय झाले, साडेबारा टक्के योजनेतील भूखंडांनी घरातले संबंध कसे बदलले, हे मला समजून घ्यायचे आहे. एवढ्यात प्रबंधाचा विषय ठरवण्याची घाई नाही. परंतु शहरीकरण आणि भूसंपादन यांवर एखादे पुस्तक, तसेच आपल्याच गावात अभ्यास करताना संशोधकाने कोणती काळजी घ्यावी यावर काही वाचन सुचवल्यास, आजूबाजूला पाहताना त्याचा लगेच उपयोग होईल.

इंग्रजी मी वाचू शकते, वेग मात्र मराठीइतका नाही. म्हणून मराठीत विश्वासार्ह पुस्तक असेल तर ते जरूर कळवावे. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची मी सभासद आहे, त्यामुळे जुन्या मराठी पुस्तकांचा शोध तेथे घेता येईल.

आपल्या कामाच्या व्यापाची मला कल्पना आहे. सविस्तर यादीऐवजी पाच-सहा नावे आणि त्यांचा क्रम एवढे जरी कळवले तरी पुरेसे आहे. प्रत्यक्ष भेटून विचारणे आपल्याला सोयीचे असल्यास, आपण सांगाल त्या दिवशी दुपारी बारानंतर मी विभागात येऊ शकेन. सकाळी मी शिकवणीचे वर्ग घेते.

आपली नम्र,
स्नेहल
घणसोली, नवी मुंबई