आमचे नाना

१. पंचवटीतलं जुनं घर. आईच्या मांडीवर नाना. फोटो फाटलेला आहे, तसाच ठेवलाय.

२. लग्न. नाना गंभीर, आजी मात्र हसतेय.

३. पिंपळगावची द्राक्षबाग, ऑक्टोबर छाटणी. हातात कात्री, डोक्याला उपरणं. काडीवरचा डोळा अंगठ्यानं चाचपून सांगायचे, घड येणार की नाही. मजुरांना आधी चहा, मग काम. बागेतला पहिला घड दरवर्षी काळारामाला.

४. गोदाकाठ. पोहायला नानांनीच शिकवलं. आम्ही कितीही रडलो तरी सुटका नसायची!

५. मिसळ, वर जास्तीची तर्री. "डॉक्टरांना सांगू नका रे."

६. गेल्या दिवाळीचा फोटो, सगळं घर एकत्र. नाना फोटो काढणाऱ्यावर खेकसतायत, "उरक लवकर, चहा गार होतोय."