पासबुकावरील शाखेचा पत्ता दुरुस्त करून मिळण्याबाबत

दिनांक : १६ जून २०२५

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
इंदिरानगर शाखा,
तळमजला, रथचक्र चौकाजवळ,
इंदिरानगर, नाशिक ४२२००९

विषय : पासबुकावर छापलेला शाखेचा पत्ता बँकेच्या नोंदीशी जुळत नसल्याबाबत

संदर्भ : बचत खाते, क्रमांकाचे शेवटचे चार अंक ३८६२, खातेदार : अश्विनी सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित, इंदिरानगर

महोदय,

आमच्या संस्थेचे वरील खाते आपल्या शाखेत आहे. जुने पासबुक भरल्यामुळे ८ एप्रिल २०२५ रोजी आपल्या काउंटरवरून नवीन पासबुक मिळाले. त्याच्या पहिल्या पानावर शाखेचा पत्ता ‘पहिला मजला, वडाळा-पाथर्डी रस्ता, नाशिक ४२२००६’ असा छापला आहे. त्या जागेतून शाखा २०२३ मध्येच हलली. नेट बँकिंगवरून काढलेला खातेउतारा आणि बँकेच्या संकेतस्थळावरील शाखांची यादी, दोन्हींत रथचक्र चौकाजवळचा सध्याचा पत्ता आणि पिनकोड ४२२००९ आहे. म्हणजे शाखेची मूळ नोंद बदललेली दिसते. पासबुकाचे पहिले पान छापताना मात्र जुनाच मजकूर उचलला जातो. तसे असेल, तर स्थलांतरानंतर पासबुक घेतलेल्या इतर खातेदारांकडेही हाच पत्ता गेला असण्याची शक्यता आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. खातेदाराचा, म्हणजे संस्थेचा पत्ता पासबुकात बरोबर आहे. काउंटरवर तोंडी सांगितले तेव्हा आमच्या हाती पत्ताबदलाचा अर्ज आणि केवायसी कागदपत्रांची यादी देण्यात आली. ही विनंती त्या प्रकारची नाही. चूक शाखेच्या पत्त्यात आहे.

याचा प्रत्यक्ष त्रास लेखापरीक्षणात झाला. ३१ मार्च २०२५ रोजीच्या शिलकेची खातरजमा करण्यासाठी लेखापरीक्षकांनी पासबुकावरच्या पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवले. ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा मारून ते परत आले. संस्थेचे लेखापरीक्षण ३१ जुलैपूर्वी पूर्ण करायचे आहे आणि बँकेचा शिल्लक दाखला नसल्याने ते अडले आहे.

तरी पुढीलप्रमाणे कार्यवाही व्हावी, ही विनंती.

१. पासबुक छपाईसाठी प्रणालीत असलेला शाखेचा पत्ता तपासून दुरुस्त करावा. शाखेला तो अधिकार नसेल तर विभागीय कार्यालयाकडे किंवा संगणक विभागाकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक आम्हाला कळवावा.

२. दुरुस्तीनंतर पहिले पान नव्याने छापलेले पासबुक विनाशुल्क द्यावे. जुन्या पत्त्यावर पेनाने काट मारून वर शिक्का उमटवलेले पान आम्हाला चालणार नाही. खाडाखोड असलेल्या पानाची छायाप्रत पुढे कुठेही दिली की पुन्हा शंका निघतात. नवीन पासबुकात १ एप्रिल २०२५ पासूनच्या नोंदी सलग याव्यात आणि आत्ताचे पासबुक ‘रद्द’ शिक्का मारून आमच्याकडेच राहू द्यावे. लेखापरीक्षणात ते दाखवावे लागेल.

३. स्थलांतरामुळे आयएफएससी किंवा एमआयसीआर क्रमांक बदललेला नाही, याची लेखी खात्री द्यावी. पासबुकावरील दोन्ही क्रमांक आम्ही खातेउताऱ्याशी ताडून पाहिले, ते जुळतात. आमच्याकडे जुना पत्ता छापलेले १८ कोरे धनादेश शिल्लक आहेत. ते वापरण्यास हरकत नसल्याचे त्याच पत्रात नमूद करावे, अन्यथा ते जमा करून घेऊन नवीन धनादेश पुस्तिका द्यावी.

४. दोन्ही पत्ते एकाच शाखेचे असल्याचे आणि स्थलांतराची नेमकी तारीख सांगणारे पत्र बँकेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह द्यावे. नवीन पासबुकाला वेळ लागणार असेल तर किमान हे पत्र आणि ३१ मार्चचा शिल्लक दाखला ३० जूनपर्यंत मिळावा. लेखापरीक्षकांचे काम तेवढ्यावर पुढे सरकेल.

पासबुकावर शाखेचा पूर्ण पत्ता व दूरध्वनी क्रमांक असावा, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार करण्याचा मार्ग आम्हाला खुला आहे. तशी वेळ येणार नाही, असे वाटते. काम शाखेच्या पातळीवर होण्यासारखे आहे.

मूळ पासबुक पडताळणीसाठी सोबत आणले आहे, ते पाहून लगेच परत करावे. या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच द्यावी. या कामासाठी खजिनदारांशी, खात्याला जोडलेल्या मोबाइल क्रमांकावर, सायंकाळी पाचनंतर संपर्क साधता येईल.

आपले विश्वासू,

(सही) सचिव
(सही) खजिनदार
अश्विनी सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित
(संस्थेचा गोल शिक्का)

सोबत :
१. पासबुकाच्या पहिल्या पानाची छायाप्रत, चुकीचा पत्ता अधोरेखित करून
२. एप्रिल २०२५ च्या खातेउताऱ्याचे पहिले पान
३. संकेतस्थळावरील शाखेच्या नोंदीची छापील प्रत, १४ जून २०२५ रोजी काढलेली
४. परत आलेल्या टपाल पाकिटाची छायाप्रत, शेऱ्याची बाजू
५. एका कोऱ्या धनादेशाची ‘रद्द’ लिहिलेली छायाप्रत
६. खाते चालवण्याचे अधिकार देणाऱ्या ठरावाची प्रत

प्रत माहितीसाठी : संस्थेचे लेखापरीक्षक