मोकळी पाच मिनिटं

शिक्षणसेवक म्हणून ऑर्डर हातात आली शुक्रवारी आणि सोमवारी पहिला तास, पाचवीचा, अपूर्णांक. शनिवार-रविवार बसून मी टाचण काढलं, सात पानं, रंगीत पेनानं, आणि रविवारी संध्याकाळी गाडी काढून थेट शिवाजी पेठेत आत्तीकडं. आत्ती जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं होती, त्यातली नऊ गगनबावड्याकडं, जिथं पावसाळ्यात पत्र्याचा आवाज एवढा की शिकवलेलं पहिल्या बाकालापण ऐकू जायचं नाही.

आत्ती भाकरी थापत होती. म्हणाली, "वाच."

मी सुरुवात केली. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं...

"थांब. महाराजांना गणिताच्या तासाला कशाला आणलास?"

"प्रस्तावना आहे ती."

"पोरांना ठावं हाय ते, दरवर्षी जयंतीला भाषणं ऐकत्यात. पुढं."

पुढं व्याख्या होती, अंश म्हणजे काय, छेद म्हणजे काय, मग प्रकार, मग सममूल्य, मग तुलना, मग बारा उदाहरणं. आत्तीनं तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "तास किती मिनिटांचा?" चाळीस म्हणालो. "ह्यातली हजेरी आणि 'सर, वही विसरली' ह्यात सात गेली. राहिली किती?" मी गप्प. डी.एड.ला असताना सराव पाठ घेतले होते की मी, पण तिथं मागं बाई बसलेल्या असायच्या म्हणून पोरं देवासारखी वागायची, हे काय तिला सांगायची सोय नव्हती.

मग तिनं हात धुतले, माझ्या सात पानांतली सहा बाजूला ठेवली (फाडली नाहीत, एवढं बरं) आणि उरलेल्याची पाठ वर केली. म्हणाली, आता मला पोरं काय चुकणार ते लिहून दे, तू काय शिकवणार ते नंतर बघू.

मला अर्धा तास काही सुचंना. खरंच. बरोबर काय ते सगळं पाठ, पण चूक काय होईल ह्याचा विचारच केला नव्हता कधी. शेवटी तिनंच सांगितलं, "एक छेद तीन मोठा का एक छेद चार? निम्मा वर्ग चार म्हणणार. कारण चार तिनापेक्षा मोठा, त्यांचं काय चुकलं? तोवर तसंच तर शिकवलंय आपण."

"मग समजावून सांगायचं."

"सांगायचं न्हाई. भाकरी तिघांत वाटली तर जास्त मिळंल का चौघांत, एवढं विचारायचं आणि गप बसायचं. गप बसणं तुला जमणार न्हाई, तुझ्या बापालापण जमत न्हाई."

मग ती जुन्या पाढ्यांत शिरली, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. तिच्या आजोबांना अडीचकी पाठ होती म्हणे, बाजारात कागद न लागता हिशोब करायचे. म्हणाली पोरांच्या तोंडात पाव किलो, पाऊण तास, सव्वा वाजला हे सगळं असतंय, तिथनं उचल. मी म्हणालो पाव म्हटल्यावर पोरं मिसळीचा पाव म्हणतील. "म्हणू देत. म्हण, आपल्यात मिसळीला ब्रेड असतोय, पाव न्हाई. हसत्याल, मग ऐकत्याल."

रात्री साडेनऊला टाचण एका पानावर आलं. तीन प्रश्न, एक वाटणी, दोन उदाहरणं. खाली तिनं स्वतःच्या अक्षरात चौकोन काढला आणि आत काहीच लिहिलं नाही.

"हे काय?"

"मोकळी पाच मिनिटं. आपण लिहिलेलं न्हाई असं कायतरी एक पोरगं बोलणारच."

निघताना तिनं डब्यातला एक खडू काढून दिला आणि सांगितलं अख्ख्या खडूनं लिहू नको, करकरतोय, मोडून घे.

सोमवारी हजेरी झाली. अडतीस पोरं, तोंडाला कोरड. पहिला प्रश्न फळ्यावर लिहायला वळलो, खिशातला खडू काढला आणि कट्ट करून मोडला. वळून अजून काही लिहिणार तोवर खिडकीशेजारच्या बाकावरनं आवाज आला.

"सर, अर्धा झाला की!"

वर्ग हसला. मीपण हसलो, म्हटलं चला, विषय आपसूक निघाला. तेवढ्यात त्याच्या शेजारची पोरगी उभी राहिली, कपाळाला आठ्या.

"अर्धा कुठं सर, त्यो एक तुकडा मोठा हाय."

मी दोन्ही तुकडे शेजारी शेजारी धरले. होता खरा मोठा. टाचणात ह्याबद्दल एक ओळ नव्हती, म्हणून मी खडू टेबलावर ठेवला आणि तिला म्हणालो, "ये पुढं, सगळ्यांना सांग."