फेलोशिपसाठी निवेदन: टँकरच्या खेपांचा हिशेब

मी शहापूरहून एका जिल्हा दैनिकासाठी नऊ वर्षं बातम्या देतो. मानधन बातमीमागे, पेट्रोल स्वतःचं.

तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं आमच्याच तालुक्यात. तरी उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. ही बातमी दरवर्षी छापून येते, मीही दिली आहे. रिकाम्या हंड्यांच्या रांगेचा फोटो आणि चार परिच्छेद. कागदावर किती खेपा लागल्या आणि विहिरीत किती पडल्या, हे मात्र मी एकदाही मोजलं नाही.

आता तेवढंच करायचं आहे. फेब्रुवारी ते मे, तीनच पाडे. प्रत्येक पाड्यावरच्या दोन बायका टँकर आला की वहीत तारीख-वेळ लिहितील. मोबदला फेलोशिपच्या रकमेतून. लॉगबुक आणि बिलांच्या प्रती माहिती अधिकारातून मागवीन. उत्तराची मुदत 30 दिवस, पण अनुभवावरून अपिलाचा वेळ धरला आहे. मग दोन्ही नोंदी शेजारी ठेवायच्या. आकडे जुळले तर तसंही छापीन.

तीन लेख होतील. पूर्ण तालुक्याचा दावा करणार नाही. खर्चात मोठी बाब पेट्रोलचीच.